खेळण्यांच्या दुकानाचं बर्थडे गिफ्ट कॅप्शन कसं लिहायचं: वय, आयएसआय आणि किंमत

मिरजेत माझ्या मामाचं खेळण्यांचं दुकान आहे आणि घरात मोबाईल सगळ्यात जास्त वापरते म्हणून इंस्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामा म्हणाला, "अगं, वाढदिवसाला काय न्यायचं ते वयाप्रमाणे टाक ना एकदा, रोज पन्नास जण तेच विचारतात." मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. फोटो काढले, खाली वयोगट लिहिले, "सर्व खेळणी १००% सेफ" टाकलं, दोन फुगे आणि केकचा इमोजी, झालं.

चौथ्या दिवशी एक आजोबा दुकानात आले. खिशातून रुमाल काढला, उलगडला, आत प्लास्टिकच्या केळ्याचा तुटका देठ, चण्याएवढा. "ताई, तुमच्या पोस्टमध्ये शून्य ते तीन लिहिलं होतं म्हणून नेलं, नातीच्या तोंडातून काढलाय हा." आवाज चढवला नाही त्यांनी, आणि त्यामुळेच जास्त लागलं. खोका बघितला तर त्यावर लाल गोल, आत बाळाचा चेहरा, ०-३ आणि त्यावर तिरपी लाल रेघ. मी ते "शून्य ते तीनसाठी" असं वाचलं होतं! त्याचा अर्थ बरोबर उलटा, तीन वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका.

त्यानंतर जे शिकले ते इथे टाकतेय. तुम्हीपण कुणाच्या दुकानाचं पेज नव्यानं सांभाळायला घेतलं असेल तर हे वाचून मग लिहा.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- प्रत्येक खेळण्याचा खोका, नुसता फोटो नाही (लेबल बहुतेक वेळा मागे किंवा खालच्या बाजूला असतं)
- फोनमध्ये बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, बीआयएस केअर अ‍ॅप, स्टोअरमध्ये BIS Care असं शोधा
- खरेदीची बिलं
- बारका स्क्रूड्रायव्हर
- टिश्यू पेपरच्या रोलची रिकामी नळी (हसू नका, पुढे कळेल)
- दुकानाची आजची विक्री किंमत, मामाच्या डोक्यातली नाही, कागदावर लिहिलेली

१. आधी वय, आणि ते खोक्यावरूनच

सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. आपण वय अंदाजाने लिहितो, "हे तीन वर्षाच्या पोराला पण येईल की". खोक्यावरच्या वयात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या करून बघायला लागतात. ६+ किंवा ८+ हे बऱ्याच वेळा जमेल का, समजेल का याबद्दल असतं. साप-शिडी पाचच्या ऐवजी साडेचारच्या मुलीला दिली तर फार तर ती नियम मोडेल आणि रडेल. पण ३+ ही रेघ हुशारीची नाही, घशाची आहे. तीनच्या आतलं मूल वस्तू तोंडात घालतं, आणि बारका तुकडा श्वासनळीत अडकू शकतो, त्यासाठी ती रेघ.

दुकानात दिवसातून एकदा तरी हे ऐकू येतं, "आमची दोन वर्षाचीच आहे पण खूप शार्प आहे हो, मोठ्यांची खेळणी खेळते." असेल शार्प, घसा दोन वर्षाचाच असतो. मी आता हसून एवढंच सांगते की घरी नेऊन वर ठेवा, तीनची झाली की द्या, किंवा हे दुसरं बघा. निम्मे लोक ऐकतात.

बारका तुकडा म्हणजे किती बारका, याचं मोजमाप ठरलेलं आहे. लॅबमध्ये ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते, तिचा तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावला की तो बारका, आणि तीनखालच्या खेळण्यात तसा तुकडा नको, वापरून किंवा आपटून सुटलेलासुद्धा नको. आपल्याकडे ती नळी नसते, पण टिश्यू रोलची नळी त्याहून थोडी रुंद असते, म्हणजे तिच्यातून जे आरपार जातं त्याच्याकडे संशयानेच बघायचं. ते केळं अख्खं असताना नळीत गेलं नसतं, देठ तुटल्यावर गेला. म्हणून मी आता डिस्प्लेचा पीस हातात घेऊन चाकं, डोळे, देठ, बटणं जरा ओढून बघते. नळीत अडकलं म्हणजे खेळणं सेफ, असा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही. खोका ३+ म्हणतो तर कॅप्शनमध्ये ३+ च.

गट पाडताना मी वर्षावरून नाही, वाढदिवसावरून पाडते, कारण गिऱ्हाईक तसंच विचारतं. पहिला वाढदिवस, दुसरा, मग ३–४, ५–७, ८–१० आणि ११ च्या पुढे. "०–३" असा एकत्र गट कधीच नको. एक म्हणजे त्या लाल गोलाशी घोळ होतो, आणि दुसरं म्हणजे एक वर्षाच्या आणि पावणेतीन वर्षाच्या मुलात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

महिन्यांचा घोळ पण लक्षात ठेवा. खोक्यावर 18M+ असतं ते अठरा महिने, म्हणजे दीड वर्ष. मी एकदा घाईत ते १८+ लिहिलं होतं आणि कमेंटमध्ये लोकांनी जी मजा घेतली ती विचारू नका.

२. आयएसआय मार्क बघा, आणि नंबर अ‍ॅपमध्ये टाका

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना बीआयएसचं सर्टिफिकेशन सक्तीचं आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना, देशी असो की इम्पोर्टेड. म्हणजे खोक्यावर किंवा खेळण्यावर आयएसआयचं चिन्ह पाहिजे. चिन्हाच्या वर मानकाचा नंबर असतो, बिनबॅटरीच्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली CM/L आणि पुढे लायसन्सचा नंबर.

नुसतं चिन्ह बघून थांबू नका. अ‍ॅप उघडा, Verify Licence Details मध्ये जा, नंबर टाका. कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे की संपलं, सगळं येतं. मग ते नाव खोक्यावरच्या बनवणाऱ्याच्या नावाशी जुळवा, हीच खरी तपासणी. आमच्याकडे एकदा लाइटवाल्या भोवऱ्यांचा लॉट आला, चिन्ह होतं पण जरा फिसकटलेलं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं, आणि खाली नंबरच नाही. होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणे "छापायचं राहिलंय, माल ओरिजिनल आहे, बिनधास्त विका." परत पाठवला. दुसऱ्या एका खोक्यावर नंबर होता, अ‍ॅपमध्ये चालू पण दाखवत होता, फक्त कंपनी भलतीच होती. कुणाचा तरी नंबर उचलून छापलेला. तो लॉट पण गेला आणि मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, कारण मार्जिन चांगलं होतं.

रिचार्जवाल्या खेळण्यात अजून एक फसगत आहे. चार्जरवर कधीकधी R- ने सुरू होणारा नंबर असतो, तो अ‍ॅपमध्ये टाकला की बरोबर निघतो आणि आपण खूश. पण तो चार्जरचा नंबर आहे, खेळण्याचा नाही. खेळण्याचा CM/L वेगळा शोधायचा.

आणि "सीई आहे ना" हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. सीई हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह, बहुतेक खेळण्यांवर कंपनीच स्वतःच्या जबाबदारीवर लावते. असलं तर असू दे, आयएसआयच्या ऐवजी ते धरता येत नाही.

मग लाकडी खेळण्यांचं काय? हस्तकला विभागाकडे, म्हणजे डेव्हलपमेंट कमिशनर हँडिक्राफ्ट्सकडे, नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना, आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंदणी असलेल्या खेळण्यांना (चन्नपट्टणची लाकडी खेळणी घ्या) या सक्तीतून सूट आहे. म्हणजे त्यावर आयएसआय नसेल तर ते लगेच बोगस ठरत नाही. पण म्हणून कुठल्याही लाकडी खेळण्याला ही सूट नाही, फॅक्टरीतल्या लाकडी ब्लॉकला आयएसआय पाहिजेच. कारागिराकडून घेतलं असेल तर त्याच्या नोंदणीची कॉपी बिलासोबत ठेवा आणि कॅप्शनमध्ये तशी वेगळी ओळ लिहा.

आता कॅप्शनमध्ये काय लिहायचं नाही ते सांगते, कारण माझं यातलं सगळं लिहून झालंय. "१००% सेफ" नको. "बीआयएस मान्यताप्राप्त दुकान" तर अजिबात नको, लायसन्स बनवणाऱ्याचं असतं, दुकानाचं नसतं. आयएसआयचा लोगो गूगलवरून काढून पोस्टरच्या कोपऱ्यात चिकटवू नका, त्याऐवजी खऱ्या खोक्यावरच्या चिन्हाचा जवळून फोटो टाका. तो लोकांना जास्त पटतो पण, कारण त्यात नंबर वाचता येतो.

३. बॅटरी आणि मॅग्नेट, यांना स्वतंत्र ओळ द्या

स्क्रूड्रायव्हर इथे लागतो. गाणं म्हणणारी, लाइट लागणारी बारकी खेळणी बऱ्याचदा बटण सेलवर चालतात, तो चपटा गोल चकचकीत सेल. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतो, दुखतंय हे कळायच्या आधी. म्हणून त्याचं झाकण स्क्रूने बंद पाहिजे. नखाने उघडलं, तर मी ते कॅप्शनमध्ये घेत नाही, कितीही गोड असलं तरी. खेळणं नसलेल्या वस्तूंना हा नियम लोक विसरतात, म्हणजे गाणारं ग्रीटिंग कार्ड, केकवरची लाइटवाली मेणबत्ती. वाढदिवसाच्या दुकानात या दोन्ही काउंटरवरच असतात, बरोबर लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. आम्ही वरच्या फळीवर नेल्या.

मॅग्नेटचं तसंच. एक गिळला तर एकवेळ निघून जाईल, दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटतं. मॅग्नेटिक टाइल्स घ्यायच्या तर कडा नीट वेल्ड केलेल्या, हलवून आत काही खुळखुळत नाही ना बघा. सुट्ट्या बारक्या मॅग्नेट गोळ्यांचे सेट आम्ही ठेवतच नाही.

४. किंमत: गट कसे पाडायचे

इथे मला वाटलं सोपं आहे, २०० ते ५००, ५०० ते १०००. मग ५०० चं खेळणं कुठे? एका बाईंनी खरंच विचारलं. म्हणून आता असं लिहिते: ₹२०० पर्यंत, ₹२०१–५००, ₹५०१–१०००, ₹१००० च्या वर. हे आकडे कुठून आले तर गिऱ्हाईकाच्या तोंडून. बिल्डिंगमधल्या मुलाचा वाढदिवस असेल तर दोनशेच्या आत, वर्गातल्या जवळच्या मित्राचा पाचशेपर्यंत, भाचा-पुतण्या असेल तर हजार, आणि आजी-आजोबा बजेट विचारतच नाहीत. तुमच्या गावात आठवडाभर काउंटरवर उभं राहून ऐका, तुमचे गट वेगळे निघतील.

एमआरपीमध्ये सगळे टॅक्स आलेले असतात, त्यामुळे "अधिक जीएसटी" असं काही लिहायचं नाही. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि जास्त किमतीचा स्टिकर वर चिकटवता येत नाही. कमी किमतीचा लावता येतो पण जुनी एमआरपी झाकायची नाही. कॅप्शनमध्ये मी आमची विक्री किंमतच लिहिते, एमआरपी कंसात. "₹१९९ पासून" हा शब्दप्रयोग मी बंद केला, कारण १९९ ला एकच खुळखुळा असतो, फोटोत मात्र सायकल असते, आणि माणूस आला की चिडतो.

बॅटरीचा खर्च हा खरा लपलेला आकडा. रिमोटची कार ४९९ ला, पण कारला चार पेन्सिल सेल आणि रिमोटला दोन, आणि खोक्यात एकही नाही. वाढदिवसाला पोरगं खोका फाडतं, कार हलत नाही, आणि बापाला रात्री नऊला सेल शोधत फिरायला लागतं. "सेल वेगळे (६)" एवढं लिहिलं तर काय बिघडतं? सेल धरून कार पाचशेच्या वर जात असेल तर मी ती वरच्या गटातच टाकते.

५. एक खोका घेऊन ओळ बनवूया

समजा हातात आकार बसवायचा डबा आहे. खोक्यावर 18M+, आयएसआय, आयएस ९८७३, नंबर अ‍ॅपमध्ये टाकला, नाव जुळलं. लाल गोल नाही. ठोकळे नळीतून जात नाहीत. एमआरपी ४४९, आम्ही ३९९ ला देतो, बॅटरी नाही. ओळ होते: "आकारांचा डबा, दीड वर्षापासून, आयएसआय, ₹३९९ (एमआरपी ४४९)". बास. "तुमच्या चिमुकल्याच्या बुद्धीला चालना" वगैरे मी पहिल्यांदा लिहायचे, कुणी वाचत नाही, आणि सिद्ध पण करता येत नाही.

आता रिमोट कार. ६+, आयएस १५६४४, लाल गोल आहे, कारमध्ये चार्ज होणारी बॅटरी, रिमोटला दोन पेन्सिल सेल, एमआरपी ८९९, आमची किंमत ७९९. ओळ: "रिमोट कार, ६ वर्षांपासून, आयएसआय, ₹७९९ (एमआरपी ८९९), रिमोटचे २ सेल वेगळे, घरात तीनखालचं बाळ असेल तर वर ठेवा". शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. गिफ्ट सहा वर्षाच्या दादाला असतं आणि सुटलेलं चाक सापडतं धाकट्या बहिणीला.

६. आता अख्खं कॅप्शन

इंस्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० कॅरेक्टर मिळतात पण उघडल्याशिवाय पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून दुकानाचं नाव, शुभेच्छा, इमोजी तिथे वाया घालवायचे नाहीत. पहिल्या ओळीत वय आणि किंमत आहे हे कळलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच चालतं, वयोगट दोन्ही बाजूंनी स्टार टाकून ठळक करा. आमचं मागच्या महिन्याचं असं होतं, थोडं कापून देतेय:

> वाढदिवसाला काय न्यायचं? १ ते ११ वर्षं, ₹१५० ते ₹१२००, वय खोक्यावरचंच लिहिलंय.
>
> \*पहिला वाढदिवस\*
> रिंगांचा मनोरा, ₹२४९
> कापडी पुस्तक, ₹१८०
>
> \*दुसरा\*
> आकारांचा डबा, ₹३९९
> दोरीने ओढायचं बदक, कारागिराने बनवलेलं लाकडी, ₹३५०
>
> \*३–४\*
> डॉक्टर सेट, ₹२९९
> मोठ्या तुकड्यांचं पझल, २४ तुकडे, ₹१९९
>
> \*५–७\*
> साप-शिडी आणि लुडो, ₹१५०
> रिमोट कार (६+), ₹७९९, रिमोटचे २ सेल वेगळे
>
> \*८–१०\*
> बुद्धिबळ, ₹३२०
> सायन्स किट, ₹६५०, मोठ्यांनी सोबत बसायचं
>
> \*११ च्या पुढे\*
> जोडायचा रोबो, ₹१२००
>
> लाकडी बदक सोडून यातल्या प्रत्येक खोक्यावर आयएसआय आणि लायसन्स नंबर आहे, दुकानात अ‍ॅपवर तपासून दाखवतो. लाल गोलात ०-३ आणि तिरपी रेघ म्हणजे तीनखालच्या मुलांना देऊ नका. घरात लहान भावंडं असतील तर सांगा, त्याप्रमाणे काढून देतो.
>
> किमती या महिनाअखेरपर्यंत, स्टॉक असेपर्यंत.

डॉक्टर सेटवरून मामाशी वाद झाला होता. त्याचं म्हणणं अडीच वर्षाच्या मुली पण खेळतात, दुसऱ्या गटात पण टाक, जास्त खपेल. खोक्यावर ३+ होतं आणि इंजेक्शनची टोपी नळीतून टुणकन खाली पडली. त्याच्यासमोरच टाकून दाखवली. टोपी टेबलाखाली गेली, ती शोधायला दोघं वाकलो, आणि वाद तिथेच संपला.

७. पोस्ट केल्यावर

रिटर्न गिफ्टची चौकशी याच पोस्टखाली येते, "२५ मुलं आहेत, पन्नास रुपयांत काहीतरी द्या". त्यासाठी वेगळी पोस्ट करा. इथे वय ठरवणं अवघड, कारण पार्टीला सहा वर्षाची मुलं येतात आणि त्यांची दोन वर्षाची भावंडं पण येतात, आणि पिशवी सगळ्यांना एकच मिळते. मी विचारते, तीनच्या आतली किती? पाच असतील तर पाच पिशव्या वेगळ्या, त्यात बारकं काही नाही, फुगेपण नाहीत. रबरी फुग्याचा फुटलेला तुकडा घशाला चिकटून बसतो, त्याच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्यांसाठी ताकीद असते ती याच कारणाने.

स्टॉक बदलला की कॅप्शन बदला. तेच नाव, तसाच फोटो, पण नवीन लॉट दुसऱ्या कंपनीचा असू शकतो, म्हणजे वय, लायसन्स, एमआरपी सगळं नव्यानं बघायचं. मी मोबाईलमध्ये एक यादी ठेवते: खेळणं, खोक्यावरचं वय, CM/L नंबर, तपासल्याची तारीख, किंमत, सेल किती. नवीन खोका आला की आधी यादीत, मग पोस्टमध्ये. जुनी पोस्ट एडिट करता येते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेलं परत बोलावता येत नाही, म्हणून तिथे खाली तारीख टाकाच. माझं ते "शून्य ते तीन" वालं पहिलं कॅप्शन अजून एका बचत गटाच्या ग्रुपवर फिरतंय, मागच्या आठवड्यात मलाच परत आलं.